व्हिडिओ स्थिर होतो, पण कडा जातात

दिवे घाटात पालखीसोबत चालता चालता मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ घरी मोठ्या टीव्हीवर लावला, की पाहणाऱ्याला गरगरायला लागतं. माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो आणि प्रत्येक पावलाला हातातला फोन खालीवर होतो. सेकंदाला ३० फ्रेम असल्या, तर दर १५ फ्रेमनंतर एक हिसका बसतो. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हे हिसके काढता येतात. मात्र स्थिर झालेल्या व्हिडिओत कडेची पताका कापली गेलेली असते आणि चेहऱ्यांवरचा बारकावाही थोडा उतरलेला असतो.

यामागचं काम तीन टप्प्यांत होतं. आधी सॉफ्टवेअर दर फ्रेममध्ये झाडं, खांब, कठडे अशा ठळक जागा शोधतं आणि त्या पुढच्या फ्रेममध्ये किती सरकल्या ते मोजतं. त्यावरून कॅमेरा कसकसा हलला हे कळतं. मग त्या वेड्यावाकड्या हालचालीतून एक संथ मार्ग काढला जातो. शेवटी प्रत्येक फ्रेम हिसक्याच्या उलट दिशेला सरकवून त्या मार्गावर बसवली जाते. फ्रेम डावीकडे सरकवली की उजवीकडे काळी पट्टी उघडी पडते, खाली सरकवली की वर. ती झाकायला चित्र मोठं करावं लागतं आणि मोठं केल्यावर चारही कडा चौकटीबाहेर जातात.

किती जातं, हे हिशेबानं कळतं. मूळ व्हिडिओ १९२० बाय १०८० पिक्सेलचा आहे आणि सर्वांत मोठा आडवा हिसका ९६ पिक्सेलचा आहे असं धरू. हिसके दोन्ही बाजूंना बसतात, म्हणून रुंदी १९२ पिक्सेलनं घटून १७२८ राहते. चौकटीचं प्रमाण राखायचं तर उंचीही ९७२ वर येते. लांबी-रुंदीत फक्त दहा टक्के घट दिसते, पण एकूण पिक्सेल १९ टक्क्यांनी कमी होतात. हिसका दुप्पट असला, तर १५३६ बाय ८६४ एवढंच चित्र उरतं, म्हणजे मूळ पिक्सेलपैकी ६४ टक्के. सॉफ्टवेअर तेच ताणून पुन्हा १९२० बाय १०८० करतं. फाइलवर आकडा जुनाच दिसतो, बारकावा मात्र ८६४ ओळींचाच असतो. फोन नुसता तिरका झाला तरी हीच गत: दोन अंशांचा कल सरळ करायला चित्र सुमारे सहा टक्के मोठं करावं लागतं.

प्रीमिअरच्या ‘वॉर्प स्टॅबिलायझर’मध्ये ही किंमत पडद्यावरच दिसते. Auto-scale पुढे ११० टक्क्यांच्या आसपास आकडा असेल तर चालून जातं. १२५ दिसला तर एक तृतीयांशाहून जास्त पिक्सेल गेले. हा आकडा संपूर्ण क्लिपला एकच असतो आणि तो ठरतो सर्वांत वाईट हिसक्यावरून. शूटिंग संपवताना फोन खाली नेला, तो अर्धा सेकंद क्लिपमध्ये राहिला, तर त्याच्यापायी आधीचा मिनिटभर चांगला भागही कापला जातो. म्हणून आधी क्लिपची सुरुवात आणि शेवट छाटावा, मध्ये कुणाचा धक्का लागला असेल तर तिथे क्लिपचे दोन तुकडे करावेत, आणि मग प्रत्येक तुकडा वेगळा स्थिर करावा. Smoothness ५० टक्क्यांवर असतं, तेही दहापर्यंत उतरवून पाहावं. चालत घेतलेला शॉट चालल्यासारखा वाटला तर बिघडत नाही; खटकतात ते हिसके.

एक दोष मात्र कशानंच जात नाही. संध्याकाळच्या कमी उजेडात फोन शटर बराच वेळ उघडं ठेवतो आणि हिसक्याच्या क्षणीची फ्रेम मुळातच फरपटलेली येते. व्हिडिओ स्थिर केल्यावर चौकट हलत नाही, पण पावलागणिक चेहरे धूसर होतात आणि पुन्हा स्पष्ट होतात. आधी हलण्यात लपलेला हा दोष आता उठून दिसतो. उजेड पुरेसा असेल तर फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/१२० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवावं. रात्री तसं केलं तर चित्र काळवंडतं किंवा त्यात दाणे येतात, तेव्हा उभं राहूनच शूटिंग केलेलं बरं.

कडा कापल्या जाणारच असतील, तर त्या आधीच जास्तीच्या घेऊन ठेवणं हा सर्वांत भरवशाचा उपाय. शूटिंग फोरकेमध्ये, म्हणजे ३८४० बाय २१६० पिक्सेलमध्ये करावं, फोरकेच्याच टाइमलाइनवर स्थिर करावं आणि शेवटी १९२० बाय १०८० मध्ये एक्सपोर्ट करावं. Auto-scale १२५ वर गेलं तरी ३०७२ बाय १७२८ पिक्सेल हाताशी उरतात, म्हणजे बारकाव्याला धक्का लागत नाही. चौकटीतून गेलेली पताका मात्र यानंही परत येत नाही. त्यासाठी शूटिंग करतानाच दोन पावलं मागे राहून चारही बाजूंना मोकळी जागा सोडावी लागते. मूळ क्लिप पुसून टाकू नये, कारण कापलेल्या कडा स्थिर केलेल्या फाइलमधून पुन्हा मिळत नाहीत.