सिमवर अडकलेली नावे

बटणांचा फोन जाऊन टचचा फोन घरात आला की पहिली काळजी नंबरांची असते. दुकानदार जुन्या फोनमधून सिम काढतो, नव्यात बसवतो आणि ‘झालं’ म्हणतो. संध्याकाळी घरी यादी उघडली की निम्मी माणसे दिसतच नाहीत. जी दिसतात, त्यांतल्या काहींची नावे मध्येच तुटलेली असतात, तर ज्यांचे दोन नंबर होते त्यांचा एकच उरलेला असतो. राग नव्या फोनवर निघतो. खरे तर नावे बहुतेक वेळा फार आधीच तुटलेली असतात. जुन्या फोनवर ज्या दिवशी ‘सेव्ह’ दाबले त्याच दिवशी.

पहिली सिम कार्डे १९९१ मध्ये जर्मनीच्या गीसेके अँड डेव्हरियंट या कंपनीने फिनलंडमधल्या रेडिओलिंजासाठी बनवली. कार्डावर नावे कशी ठेवायची याचा साचा त्याच काळातला आहे आणि तो आजही तसाच चालतो. कार्डावर ठरावीक लांबीच्या ओळी असतात, बऱ्याच कार्डांवर साधारण २५०. प्रत्येक ओळीत नंबरासाठी २० आकड्यांची जागा असते आणि नावासाठी कार्ड बनवतानाच ठरलेले काही बाइट. हे बाइट कोणत्या कार्डावर १४ असतात, कोणत्यावर थोडे जास्त. एका ओळीत एक नाव आणि एकच नंबर बसतो. नंतरच्या कार्डांत जास्त नंबर ठेवण्याची सोय नियमांत आली, पण साध्या फोनांपैकी फार थोडे ती वापरतात.

आता एक नाव घेऊ. सांगलीच्या एका आजींना आपल्या दोन बहिणींचे नंबर ठेवायचे आहेत असे धरू. सख्खी सांगलीत, चुलत कोल्हापुरात आणि दोघींचे नाव सुनंदा. नातवाने इंग्रजी अक्षरांत SUNANDA MAVSHI SANGLI आणि SUNANDA MAVSHI KOLHAPUR अशी दोन नावे टाकली. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. १४ बाइटांच्या कार्डावर दोन्ही नावांचे SUNANDA MAVSHI एवढेच उरते, कारण मधल्या मोकळ्या जागेसह ती बरोबर १४ अक्षरे होतात. गावाचे नाव, म्हणजे दोघींना वेगळे ओळखायची एकमेव खूण, शेपटाला होती, तीच गेली.

मराठीत लिहिले तर जागा आणखी आखडते. देवनागरीत मात्रा, अनुस्वार, वेलांटी यांची प्रत्येकी वेगळी खूण मोजली जाते. ‘सुनंदा मावशी’ हे डोळ्यांना सहा अक्षरांचे नाव, पण फोनच्या हिशेबात त्या मोकळ्या जागेसकट १२ खुणा आहेत. फोनने साधी पद्धत वापरली तर प्रत्येक खुणेला दोन बाइट लागतात, आणि ‘पुढचे नाव अशा लिपीत आहे’ हे सांगायला सुरुवातीचा एक बाइट जातो. १४ बाइटांत मग सहाच खुणा मावतात आणि कार्डावर ‘सुनंदा’ राहते. मावशी गायब.

दुसरी एक पद्धत नियमांतच आहे आणि काही फोन ती वापरतात. युनिकोडमध्ये देवनागरीचा सारा पसारा १२८ जागांत मावतो. तो पट्टा कुठून सुरू होतो हे एकदाच सांगितले की पुढच्या प्रत्येक खुणेला एकच बाइट पुरतो. हे सांगण्यात तीन बाइट खर्च होतात आणि ११ खुणांना जागा उरते. आपल्या नावाला १२ हव्यात. त्यामुळे कार्डावर ‘सुनंदा मावश’ असे नाव बसते, शेवटची वेलांटी बाहेर. कार्ड तेच, नाव तेच, पण दोन वेगळ्या फोनांवरून दोन वेगळी तुटकी नावे तयार होतात. असे शेवटची मात्रा गमावलेले नाव दिसले की समजावे, ते नव्या फोनने बिघडवलेले नाही. कार्डावर तेवढेच आहे. तिथे नसलेली अक्षरे कोणतेही अ‍ॅप परत आणू शकत नाही.

म्हणून हलवाहलवीची सुरुवात जुन्या फोनपासून करावी. साध्या फोनात नावे दोन ठिकाणी असतात, फोनच्या मेमरीत आणि सिमवर. दोन सिम असतील तर तीन ठिकाणी. यादी मात्र सगळ्यांची एकत्र दिसते, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. नावांच्या मेनूतील सेटिंगमध्ये मेमरी निवडायची सोय असते. तिथे आधी फक्त सिम निवडून किती नावे आहेत ते मोजावे, मग फक्त फोन निवडून मोजावे. दोन्ही आकडे कागदावर लिहून ठेवावेत. शेवटी नव्या फोनची यादी याच आकड्यांशी ताडून पाहायची आहे.

फोनच्या मेमरीत पूर्ण नाव मावते आणि बऱ्याच फोनांत एका नावाखाली दोन-तीन नंबरही राहतात. त्यामुळे तिथली नावे सिमवर उतरवून पुढे नेणे हा शेवटचा उपाय समजावा. दुकानात मात्र बऱ्याचदा तोच पहिला केला जातो: ‘सगळे सिमवर कॉपी करा’ दाबले की काम झटपट होते. त्या एका बटणाने सांगली आणि कोल्हापूर दोन्ही पुसले जातात. दोन नंबरांच्या माणसाचे काही फोन दोन ओळींत तुकडे करतात, तर काही पहिलाच नंबर घेतात. ‘कॉपी’ऐवजी ‘मूव्ह’ दाबले असेल तर फोनमधले मूळ पूर्ण नावही पुसले जाते आणि परतीची वाट बंद होते.

जुन्या फोनात ब्लूटूथ असेल तर तीच चांगली वाट. नाव निवडून ‘बिझनेस कार्ड’ म्हणून पाठवले की नव्या फोनवर .vcf शेपटाची फाइल येते. काही फोन सगळी नावे एकदम पाठवतात, काही मेमरी कार्डावर फाइल ठेवतात. गूगलच्या Contacts अ‍ॅपमध्ये Organise या पानावर Import from file असते, तिथून ही फाइल उघडावी. फाइल संगणकावर उघडली आणि मराठी नावाच्या जागी =E0=A4=B8=E0=A5=81 असे काही दिसले तर घाबरू नये. ते बिघडलेले नाव नाही, ‘सु’ लिहिण्याची जुनी सांकेतिक रीत आहे. अ‍ॅप ते बरोबर वाचते. तिथे हाताने दुरुस्ती करायला गेलो तर मात्र नाव खरोखरच बिघडते.

ब्लूटूथ नाही, मेमरी कार्ड नाही, असा अगदी साधा फोन असेल तर सिमवरूनच जावे लागते. अशा वेळी कॉपी करण्याआधी अर्धा तास खर्चून नावे बदलावीत. ओळखीची खूण पुढे आणावी: SANGLI SUNANDA, KOLHAPUR SUNANDA. पहिले नाव १४ अक्षरांत बरोबर बसते. दुसऱ्याची शेवटची दोन अक्षरे तुटली, तरी माणूस चुकत नाही. ज्यांचे दोन नंबर आहेत त्यांचा दुसरा नंबर वेगळ्या नावाने ठेवावा. नावे कार्डाच्या जागेपेक्षा जास्त असतील तर एक खेप नव्या फोनवर उतरवून घ्यावी, कार्ड रिकामे करावे आणि दुसरी खेप भरावी.

आता कार्ड नव्या फोनात घालायचे. जुन्या फोनातले कार्ड बहुधा २५ बाय १५ मिलिमीटरचे, म्हणजे ज्याला मिनी म्हणतात ते असते. नव्या फोनला १२.३ बाय ८.८ मिलिमीटरचे नॅनो लागते. कार्डावर आतल्या लहान आकाराच्या खाचा असतील तर ते बोटाने दाबून निघते आणि चिप तीच राहत असल्याने नावेही तशीच राहतात. खाचा नसतील तर दुकानदार नवे कार्ड घ्यायला सांगतो, आणि सर्वांत मोठा घोटाळा इथे होतो. नव्या कार्डावर फोन नंबर तोच येतो, पण नावांच्या ओळी कोऱ्या असतात. कंपनीकडे त्या नावांची प्रत नसते. पोर्ट करून कंपनी बदलली, २जी कार्डाचे ४जी करून घेतले, ई-सिम केले, तरी गोष्ट तीच.

जुने कार्ड मात्र टाकून देऊ नये. त्याचे नेटवर्क गेले तरी चिपवरच्या ओळी जागच्या जागी असतात. जुन्या बटणांच्या फोनात ते परत घातले की ‘नेटवर्क नाही’ असे दिसेल, पण नावे बहुधा वाचता येतील आणि तिथून फोनच्या मेमरीत कॉपी करता येतील. कार्डाला पिन लावलेला असेल तर तो आठवून मगच टाकावा; तीन वेळा चुकला की कार्ड अडते आणि उघडायला पीयूके क्रमांक लागतो. आणखी एक व्यावहारिक गोष्ट अशी की, सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचा नियम आपल्याकडे आहे. त्या काळात ओटीपी येत नाही. नावे ठेवण्यासाठी नवे गूगल खाते उघडायचे असेल तर ते कार्ड बदलण्याच्या आदल्या दिवशी उघडावे.

अँड्रॉइड फोनवर Contacts अ‍ॅपच्या Organise पानावर Manage SIM असते. तिथून सिमवरची नावे आत घेता येतात. अ‍ॅप ‘कुठे ठेवू’ असे विचारते तेव्हा Device न निवडता गूगल खाते निवडावे, म्हणजे हा फोन हरवला तरी यादी पुढच्या फोनवर येते. आयफोनवर Contacts च्या सेटिंगमध्ये Import SIM Contacts आहे.

काही फोन सिमवरची नावे आत न घेताच यादीत दाखवतात आणि काम झाल्याचा भास होतो. खात्री करायची तर सिम बाहेर काढून यादी पाहावी. नावे टिकली तर ती आली. गायब झाली तर ती अजून कार्डावरच आहेत. टिकलेली नावे सुरुवातीला कागदावर लिहिलेल्या आकड्यांशी जुळवावीत.

यानंतर अ‍ॅप सारखी नावे एकत्र करायचे सुचवते, Merge & fix असे. ज्या यादीची शेपटे सिमने कापली आहेत तिच्यावर हे बटण लगेच दाबू नये. दोन SUNANDA MAVSHI एका नावाखाली गेल्या की कोणता नंबर कुणाचा हे फोन करूनच कळेल. आधी आजींना शेजारी बसवावे, एकेक नंबर वाचून नाव पूर्ण करून घ्यावे, मगच एकत्र करायला हात लावावा. आणि हे सगळे पुरे होईपर्यंत जुना फोन विकू नका, जुने कार्डही कात्रीने कापू नका.