वाढीव कामाचा हिशेब

घराच्या दुरुस्तीत ठरलेल्या रकमेच्या कामात वाढीव कामे एकेक करून शिरतात. “आलाच आहात, तर एवढंही करून टाका,” असे घरमालक सहज म्हणतो, ठेकेदार मान डोलावतो आणि वाद शेवटच्या बिलाला निघतो. त्याचे मूळ बहुधा कोटेशनमध्ये असते. ‘बाथरूमचे संपूर्ण काम’ असे मोघम लिहिले असेल, तर गिझरचा पॉइंटही त्यातच आला, असे मालकाने धरणे गैर नाही. म्हणून टाइल किती फुटांपर्यंत, नळाचे पॉइंट किती, हे मोजता येईल असे लिहावे लागते. त्याखाली काय धरलेले नाही, तेही लिहावे. भिंत फोडल्यावर जुना पाइप गंजलेला निघाला तर तो बदलण्याचा खर्च वेगळा, ही ओळ तर हवीच. आत काय निघेल हे दोघांनाही आधी ठाऊक नसते.

समजा, बाथरूम आठ फूट बाय पाच फूट आहे आणि कोटेशनमध्ये टाइल सात फुटांपर्यंत, वर प्लास्टर व रंग असे आहे. काम अर्ध्यावर असताना मालक म्हणतो, टाइल छतापर्यंत, म्हणजे नऊ फुटांपर्यंत लावा. चारही भिंतींची लांबी २६ फूट. दोन फूट उंची वाढली म्हणजे ५२ चौरस फूट. खिडकी सात फुटांच्या खाली असेल, तर वजावट काही नाही. टाइल बसवण्याचा दर ११० रुपये धरला, तर ५,७२० रुपये होतात. पण त्या ५२ फुटांचे प्लास्टर व रंग आता करायचे नाहीत. त्याचे फुटाला २० रुपये प्रमाणे १,०४० वजा करायला हवेत. उरतात ४,६८० रुपये. ही वजावट मागण्याआधीच दाखवली, की मालकाचा वाढीव रकमेवर विश्वास बसतो.

हा हिशेब, जादा टाइलची किंमत कोण देणार आणि काम किती दिवसांनी लांबेल, हे सारे टाइल लावण्याआधी व्हॉट्सॲपवर पाठवून होकार घ्यावा. “नंतर बघू” हा होकार नव्हे. एखादे किरकोळ काम फुकट करायचे असले, तरी ‘वाढीव काम, आकार शून्य’ अशी नोंद ठेवावी. नाहीतर पुढचे कामही तसेच अपेक्षित धरले जाते. मात्र स्वतः बसवलेली टाइल पोकळ वाजली, तर ती काढून पुन्हा लावणे ठेकेदाराच्याच खर्चाने होते.

लेखी होकार नसला, तरी भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७० नुसार, फुकट करण्याचा हेतू नसलेल्या कामाचा लाभ घेणाऱ्याला मोबदला द्यावा लागतो. पण तो हेतू सिद्ध करायला कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि ४,६८० रुपयांसाठी ते परवडत नाही.