गिळलेले च्युइंगगम पोटात किती काळ राहते?

च्युइंगगम गिळले की ते सात वर्षे पोटात राहते, आतडी एकमेकांना चिकटतात, मग ऑपरेशन करावे लागते, अशी भीती लहानपणी बहुतेकांना घातली गेलेली असते. शाळेच्या मधल्या सुटीत मित्रांकडून ऐकलेली ही माहिती पुढे आपणच आपल्या मुलांना ऐकवतो. परिणामी, चुकून गम गिळलेले मूल घाबरून रडू लागते किंवा ओरडा बसेल म्हणून ती गोष्ट घरात लपवून ठेवते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने मात्र या समजुतीतील अर्धाच भाग खरा आहे. गम पचत नाही, हे खरे. पण ते पोटात मुक्काम ठोकून राहते, हे खरे नाही.

न पचणारा भाग कोणता?

च्युइंगगममध्ये साखर किंवा तिच्या जागी वापरलेला गोड पदार्थ, स्वाद, मऊपणा आणणारे घटक आणि चघळण्याजोगा चिवट आधारद्रव्याचा भाग असतो. यांपैकी साखर व स्वाद चघळतानाच लाळेत विरघळून जातात. उरतो तो बेचव गोळा म्हणजे हे आधारद्रव्य. पूर्वी ते मेक्सिको व मध्य अमेरिकेतील जंगलांमध्ये वाढणाऱ्या एका झाडाच्या चिकापासून तयार होत असे. हे झाड आपल्या परिचयाचे आहे. डहाणू-घोलवड परिसरात ज्याच्या बागा आहेत, तोच हा चिकू. आता बहुतेक उत्पादक चिकाऐवजी कृत्रिम रबर, राळ व मेण यांचे मिश्रण वापरतात.

आपल्या पाचकरसांतील विकरे पिष्टमय पदार्थ, प्रथिने व स्निग्ध पदार्थ यांचे तुकडे करण्यासाठी घडलेली आहेत. रबराच्या लांबलचक साखळ्या तोडणारे विकर मानवी शरीरात नाही. जठरातील तीव्र आम्लाचाही त्यावर फारसा परिणाम होत नाही. त्यामुळे हा गोळा जसा गिळला जातो, जवळजवळ तसाच बाहेर पडतो. यात जगावेगळे काही नाही. मक्याच्या दाण्याचे साल किंवा टोमॅटोची बीही आपण पचवू शकत नाही; तरी ती पोटात वर्षानुवर्षे साठली आहेत, असे कोणी म्हणत नाही.

जठराची सफाई

अन्न पुढे सरकण्यासाठी ते पचलेच पाहिजे, असा नियम नाही. जेवणानंतर जठर आकुंचन-प्रसरण करून अन्न घुसळते आणि त्याचे अगदी बारीक कण झाले की ते थोडे थोडे लहान आतड्यात सोडते. मोठे तुकडे मागे राहतात. मात्र जठर रिकामे झाले की, साधारण दीड ते दोन तासांच्या अंतराने, आकुंचनाची एक जोरदार लाट जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत जाते. या वेळी जठराचे पुढचे दार बरेच सैल असते. मागे राहिलेले तुकडे, बिया व इतर न पचलेले पदार्थ या लाटेबरोबर पुढे ढकलले जातात. मुलांनी गिळलेली लहान नाणीही बहुतेक वेळा याच मार्गाने बाहेर पडतात. चघळून उरलेला वाटाण्याएवढा मऊ गोळा अडून राहण्याचे काही कारण नाही. पुढे मोठ्या आतड्यातून तो मलाबरोबर सहसा काही दिवसांतच बाहेर टाकला जातो.

मग बुटाच्या तळव्याला घट्ट बसणारे गम आतड्याला का चिकटत नाही? याचे उत्तर तोंडातच मिळते. तासभर चघळले तरी ते जिभेला किंवा गालाला चिकटत नाही, कारण ओल्या पृष्ठभागावर त्याची पकड बसत नाही. आतड्याच्या आतील बाजूसही सतत बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो. शिवाय त्या अस्तरातील वरच्या पेशी काही दिवसांत गळून त्यांची जागा नव्या पेशी घेतात. सात वर्षे धरून बसावे, असे काही तेथे टिकतच नाही.

अपवाद कोणता?

असे असले तरी गम गिळणे नेहमीच निरुपद्रवी असते, असेही नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातील ऑर्लँडो येथील बालरोगतज्ज्ञ डेव्हिड मिलोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये 'पीडिॲट्रिक्स' या नियतकालिकात अशा तीन मुलांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी एक मुलगा साडेचार वर्षांचा होता आणि त्याला दोन वर्षांपासून बद्धकोष्ठतेचा त्रास होता. चांगले वागल्याचे बक्षीस म्हणून त्याला गम दिले जाई. दिवसाला पाच ते सात गम तो चघळत असे आणि प्रत्येक गम गिळत असे. नेहमीच्या उपचारांनी गुण आला नाही, तेव्हा डॉक्टरांना गुंगीचे औषध देऊन गुदमार्गातून तो चिकट गोळा काढावा लागला. चार वर्षांच्या एका मुलीची कथाही अशीच होती. तिसरी मुलगी अवघी दीड वर्षाची होती. तिच्या अन्ननलिकेत चार नाणी गमने एकमेकांना चिकटून अडकली होती.

पहिल्या मुलाचा हिशेब मांडून पाहिला, तर कारण स्पष्ट होते. दिवसाला सहा गम धरले आणि पोट तीन दिवस साफ झाले नाही, तर अठरा गोळे एकाच वेळी आतड्यात असतात. शरीराच्या उष्णतेने ते मऊ राहतात आणि आतड्याला चिकटत नसले तरी एकमेकांना चिकटतात. मोठ्या आतड्यात पाणी शोषले गेल्याने घट्ट झालेला मल त्यांत अडकतो, गोळा वाढतो, शौचास आणखी त्रास होतो आणि नवे गम मागून येतच राहतात. म्हणजे येथेही एखादे गम वर्षानुवर्षे अडकून बसले नव्हते. रोजच्या सवयीमुळे गोळा वाढत गेला होता. नाण्यांच्या बाबतीत गमने खळीचे काम केले. सुटे नाणे कदाचित खाली सरकले असते. चार नाण्यांचा चिकट गठ्ठा लहान मुलीच्या अरुंद अन्ननलिकेत अडला.

पालकांनी काय करावे?

मुलाने एखादे गम गिळले आणि ते नेहमीप्रमाणे खेळत, खात-पीत असेल, तर काहीही करण्याची गरज नाही. उलटी करवणे किंवा जुलाबाचे औषध देणे टाळावे. मात्र पोटात सतत दुखणे, पोट फुगणे, वारंवार उलट्या, शौचास न होणे अशी लक्षणे दिसली, तर डॉक्टरांकडे जावे आणि गम गिळल्याचे आवर्जून सांगावे. गिळताना दुखणे, लाळ गळत राहणे किंवा खाण्यास नकार देणे ही अन्ननलिकेत काही अडकल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी विलंब करू नये.

अगदी लहान मुलांच्या बाबतीत खरा धोका पोटात नसून श्वासमार्गात असतो. धावताना, हसताना गम घशात अडकून श्वास कोंडू शकतो. म्हणून चघळून झाल्यावर गम थुंकून टाकायचे असते, हे समजून तसे करण्याइतके मूल मोठे होईपर्यंत ते त्याच्या हाती न देणेच योग्य. आणि रोजचे बक्षीस म्हणून तर ते मुळीच देऊ नये.