वास येत नाही, म्हणून डबा चांगला?

गोष्ट काल्पनिक आहे, पण तिच्यातला डबा आज रात्री अनेक ऑफिसांच्या फ्रीजमध्ये असेल. हिंजवडीतल्या एका कंपनीत रात्रपाळी करणारा तरुण पहाटे तीनच्या सुमारास पँट्रीत येतो. कँटीन अकरालाच बंद झालं आहे आणि स्वतःचा डबा त्याने नऊलाच संपवला आहे. दूध शोधताना खालच्या कप्प्यात, सॉसच्या बाटल्यांमागे, त्याच्या हाताला स्टीलचा एक जाड डबा लागतो. मंगळवारची पहाट आहे. डब्यावर नाव नाही.

तो झाकण उघडतो. वरच्या खणात वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेल्या तीन पोळ्या, मधल्या खणात मटकीची उसळ आणि खाली भात. शेजारी दह्याची छोटी डबी आणि लिंबाच्या लोणच्याची एक फोड. कागदावर गेल्या गुरुवारची तारीख आहे, म्हणजे डबा गुरुवारच्या आधी भरलेला नाही. रद्दी जुनी असू शकते, पण तारखेच्या आधी ती छापली जाऊच शकत नाही. शनिवार-रविवार दिवसपाळीला सुट्टी होती आणि सोमवारी कुणी खालच्या कप्प्यात पाहिलं नसावं. तो उसळीचा वास घेतो. काहीच वावगं नाही. भाताचाही वास येत नाही. पोटात भूक आहे आणि मायक्रोवेव्ह दोन पावलांवर आहे. गरम करून खावं का?

इथे बहुतेक जण नाकावर विसंबतात. दूध नासलं, वरण फसफसलं, भाताला तार सुटली, हे नाकाला आणि बोटांना कळतं. पण अन्न खराब करणारे आणि माणसाला आजारी पाडणारे जिवाणू एकच नसतात. वास, बुळबुळीतपणा, आंबटपणा ही मुख्यतः अन्न नासवणाऱ्या जिवाणूंची आणि बुरशीची कामं. पोट बिघडवणारे अनेक जिवाणू मात्र अन्नाचा रंग, वास किंवा चव न बदलता वाढतात. त्यामुळे वास आला तर अन्न टाकायचं, एवढं नाक बरोबर सांगतं. वास आला नाही तर खायचं, हे मात्र त्याला सांगता येत नाही.

मग या डब्याबद्दल ठरवायचं कशावरून? तो फ्रीजमध्ये किती दिवस होता यावरून, आणि त्याआधी बाहेर किती तास होता यावरूनही. दुसऱ्या प्रश्नाकडे आपलं लक्ष फार कमी जातं, म्हणून भाताची वाट सुरुवातीपासून पाहू.

तांदळात बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू बीजाणूंच्या रूपात असतो. बीजाणू म्हणजे जिवाणूची कवचबंद, निद्रिस्त अवस्था. शिजवताना उकळत्या पाण्यात जिवाणू मरतात, पण यातले काही बीजाणू टिकतात. भात कोमट झाला की ते जागे होतात आणि वाढू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम असा, की शिजलेलं अन्न ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड ठेवावं आणि खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये. मधला पट्टा जिवाणूंच्या सोयीचा असतो. अनुकूल उबेत काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. त्या वेगाने तीन तासांत एकाचे ५१२ होतात.

आपल्या डब्याचा गुरुवार बहुधा असा गेला असेल. सकाळी साडेसहाला कुकर उतरला. सव्वासातला वाफाळता भात डब्यात दाबून भरला आणि झाकण घट्ट लावलं. नंतर बस, वाहतूक कोंडी, आणि दहाच्या सुमारास ऑफिसचा फ्रीज. म्हणजे शिजल्यापासून साडेतीन तास झाले. त्यात हा डबा दुहेरी भिंतीचा, अन्न गरम ठेवणारा. जेवायच्या वेळेपर्यंत भात ऊन राहावा म्हणून घेतलेला हा डबा फ्रीजमध्ये गेल्यावरही तेच काम करतो आणि आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. साध्या उथळ डब्यातला भात फ्रीजमध्ये त्यामानाने लवकर थंड होतो. या डब्यात मात्र मधला भात त्या धोक्याच्या पट्ट्यात आणखी कित्येक तास राहिला असेल. बाहेरून हात लावला तर स्टील गार लागलं असेल आणि आतला भात तेव्हाही कोमट असेल.

हाच भात गुरुवारी दुपारी एकला खाल्ला असता, तर बहुधा काही बिघडलं नसतं. सुरुवातीला जिवाणू थोडे असतात आणि त्यांना वेळही कमी मिळतो. मुंबईच्या डबेवाल्यांचा डबा सकाळी घरून निघून दुपारी जेवायच्या वेळी पोहोचतो आणि लगेच खाल्ला जातो, म्हणून तिथे फ्रीजची गरज पडत नाही. अडचण त्या डब्याची, जो सकाळभर कोमट राहतो आणि मग न खाता ठेवून दिला जातो.

फ्रीजने पुढचं काम केलं, पण त्याच्या मर्यादेत. थंडीने जिवाणू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते. गुरुवारी जेवढे झाले तेवढे तिथेच राहिले. शिवाय ऑफिसचा फ्रीज घरच्यापेक्षा कष्टात चालतो. जेवणाच्या वेळी दार सतत उघडतं आणि कप्पे ठासून भरलेले असतात. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये गार हवा झरोक्यांतून येते आणि त्यांच्यासमोर डबे रचले की पुढच्या वस्तूंपर्यंत ती नीट पोहोचत नाही. आतल्या चक्रीवरचे १ ते ७ आकडे म्हणजे अंश सेल्सिअस नव्हेत. खरं तापमान पाहायचं तर पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवून तो मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवावा. सकाळी ५ अंशांपेक्षा जास्त दिसलं, तर फ्रीज अन्नाला पुरेसं थंड ठेवत नाही. आणि ४ अंशांनाही सगळं थांबत नाही. लिस्टेरिया हा जिवाणू फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. निरोगी तरुणाला तो क्वचितच गंभीर आजारी पाडतो, पण गर्भवती स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांसाठी तो जीवघेणा ठरू शकतो.

म्हणूनच शिजवलेलं उरलेलं अन्न फ्रीजमध्ये तीन ते चार दिवसच ठेवावं, असा अन्नसुरक्षेचा सर्वसाधारण सल्ला आहे. आपला डबा गुरुवारी सकाळी भरलेला धरला, तर मंगळवारी पहाटे तीनला त्याला जवळजवळ पाच दिवस होतात. कागदावरच्या तारखेवरून ही सर्वांत जास्त शक्य मुदत आहे, पण डबा शुक्रवारचा असला तरी तो चार दिवसांच्या कडेवरच येतो आणि तो शुक्रवारचा असल्याचा पुरावा कुठेच नाही.

आता तो मायक्रोवेव्हचा मुद्दा. चांगलं उकळवलं की सगळं मरतं, असं आपण ऐकत आलो आहोत. जिवाणू मरतात हे खरं. पण बॅसिलस सिरियसचे काही प्रकार भातात वाढताना सेरूलाइड नावाचं विष सोडतात आणि ते उष्णतेला दाद देत नाही. उकळलं, परतलं, मायक्रोवेव्हमध्ये फिरवलं तरी ते टिकतं. ते पोटात गेलं की साधारण अर्ध्या ते सहा तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये चिनी उपाहारगृहांतला फ्राइड राइस खाऊन लोक आजारी पडले, तेव्हा कारण हेच निघालं. भात आदल्या दिवशी शिजवून खोलीत तसाच ठेवला जाई आणि दुसऱ्या दिवशी कढईत परतून दिला जाई. परतल्याने भात गरम होत होता, विष जात नव्हतं. मायक्रोवेव्हची आणखी एक अडचण म्हणजे तो अन्न सारखं तापवत नाही. कडा वाफाळतात आणि मध्यभाग कोमट राहतो. पहाटे तीनला भूक लागलेला माणस दीड मिनिटाचं बटण दाबून मोकळा होतो आणि मधल्या घासाची ऊब पाहत नाही.

बाकीचे खण वेगवेगळे वागतात. उसळ ओली आणि प्रथिनांनी भरलेली, त्यामुळे भातासारखीच धोक्याची. शिवाय भरताना हाताचा स्पर्श झाला असेल, तर त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस जिवाणूही तिच्यात गेलेले असू शकतात. त्यांचंही विष उष्णतेला टिकतं. पोळ्यांत पाणी कमी, म्हणून त्या जिवाणूंना तितक्या रुचत नाहीत, पण बंद डब्यातल्या वाफेने ओलसर झाल्या की बुरशी धरते. पोळीच्या कडेला एक हिरवट ठिपका दिसला तर तेवढा तुकडा तोडून उपयोग नाही. बुरशीचे न दिसणारे तंतू मऊ अन्नात आत गेलेले असतात. आणि त्या वर्तमानपत्राचं काय? छपाईच्या शाईतली रसायनं तेलकट, गरम अन्नात उतरू शकतात, म्हणून वर्तमानपत्रात अन्न गुंडाळू नका, असं भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने बजावलं आहे. ताज्या पोळीलाही तो कागद नको. दही आंबट असल्याने बहुतेक जिवाणू त्यात जोर धरत नाहीत आणि लोणच्याला मीठ व आंबटपणा राखतात. पण सगळे खण एकाच डब्यात पाच दिवस होते आणि लोणच्याच्या एका फोडीसाठी बाकीच्यांचा धोका घेण्यात अर्थ नाही.

म्हणून त्या तरुणाने करायचं ते एवढंच. अन्न पिशवीत बांधून ओल्या कचऱ्यात टाकावं आणि चव घेऊन पाहू नये, कारण चव काहीच सांगत नाही. डबा साबणाच्या गरम पाण्यात भिजवावा. झाकणातलं रबरी वायसर काढून वेगळं घासावं, कारण वास आणि बुरशी त्या खाचेतच राहतात आणि डबा स्वच्छ दिसूनही पुढच्या वेळी त्याच जागी पुन्हा सुरुवात होते. मग डबा वाळवून पँट्रीच्या ओट्यावर ठेवावा, म्हणजे मालकाला तो दिसेल. स्वतःच्या भुकेसाठी त्या वेळी बिस्किटं, शेंगदाणे-चणे किंवा केळं बरं. रात्रपाळीच्या माणसाने ते आपल्या खणात आधीच ठेवलेलं चांगलं.

डबा भरणाऱ्याने काय करावं? ऑफिसला फ्रीज असेल, तर भात ताटात पसरून निववावा, उथळ साध्या डब्यात भरावा आणि पोहोचताच फ्रीजमध्ये ठेवावा. गरम ठेवणारा डबा हवा असेल, तर तो फ्रीजमध्ये न घालता दुपारी संपवावा. झाकणावर कागदी पट्टी चिकटवून नाव आणि वार लिहावा. ऑफिसने दर शुक्रवारी संध्याकाळी फ्रीज रिकामा करायचं ठरवावं आणि ते दारावर लावावं. नाव नसलेला डबा त्याच वेळी निघेल, आणि मंगळवारच्या पहाटे भुकेल्या माणसाला हा प्रश्न सोडवावाच लागणार नाही.