हिशेब जुळला, तरी आठ लाख कुठे गेले?

बेरीज जुळली की हिशेब बरोबर, यावर आपला फार विश्वास असतो. दोन्हीकडचे आकडे सारखे आले की माणूस सुस्कारा सोडतो आणि वही मिटतो. पण दोन चुका एकमेकींना नेमक्या भरून काढत असतील, तरीही बेरीज जुळते. जुन्या खतावण्या स्कॅन करून त्यांतले आकडे संगणकाकडून वाचून घेतले जातात, तेव्हा अशी जोडी जमण्याची शक्यता आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच जास्त असते. ती का जास्त असते, हे एका कारकूनबाईंच्या गोष्टीतून पाहू. गोष्टीतली संस्था, माणसे आणि रकमा कल्पित आहेत, पण चूक ज्या वाटेने शिरते ती वाट खरी आहे.

गावोगावच्या विकास सोसायट्यांचे, म्हणजे प्राथमिक कृषी पतसंस्थांचे, दप्तर संगणकावर आणण्याची योजना केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये मंजूर केली. देशभरातल्या ६३,००० संस्थांसाठी २,५१६ कोटी रुपयांचा खर्च तिच्यात धरला होता. असे दप्तर हलवायचे म्हणजे एका ठरलेल्या तारखेची प्रत्येक सभासदाची बाकी नव्या प्रणालीत जशीच्या तशी उतरवायची. आपल्या गोष्टीतल्या सोसायटीने मध्यम मुदत कर्जाची खतावणी स्कॅन केली. हस्ताक्षर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने प्रत्येक सभासदाच्या पानावरचे पाच आकडे उचलून एक्सेलच्या ओळीत मांडले: मंजूर कर्ज, ३१ मार्चपूर्वीची मागील बाकी, वर्षातले नावे, वर्षातले जमा आणि अखेरची बाकी.

सगळ्या सभासदांच्या अखेरच्या बाक्यांची बेरीज आली १,४८,६२,३५० रुपये. जनरल लेजरमध्येही मध्यम मुदत कर्जाची येणे बाकी होती १,४८,६२,३५०. रुपयाचाही फरक नाही. सचिव भाऊसाहेब खूश झाले. "ताई, जुळलं. आता पाठवून टाका," म्हणाले.

बाईंनी लगेच पाठवले नाही. कर्जाच्या कामात वर्षे घालवलेल्या माणसाची एक सवय असते: बेरजेकडे बघून झाले की एकेका खात्याकडे बघायचे. या खतावणीत फक्त मुद्दल होते, व्याज वेगळ्या वहीत. म्हणजे कोणाचीही बाकी मंजूर कर्जापेक्षा जास्त असूच शकत नव्हती. त्यांनी तेवढीच एक चाळणी लावली आणि एकच ओळ वर आली. मंजूर कर्ज दोन लाख, अखेरची बाकी नऊ लाख वीस हजार तीनशे.

मग त्यांनी त्या ओळीची तोंडी बेरीज-वजाबाकी केली. मागील बाकी १,८०,०००, नव्याने दिलेले काही नाही, जमा ५९,७००. बाकी उरायला हवी १,२०,३००. कपाटातून खतावणी काढली तर कागदावर स्वच्छ अक्षरात तेच होते: १,२०,३००. संगणकाने वाचले होते 920300.

मराठी १ आणि इंग्रजी 9 शेजारी शेजारी लिहून पाहा. वर गाठ, खाली शेपूट. हाताने लिहिताना दोघांत फरक राहतोच असे नाही. त्या पानावर दोघांचे हात लागले होते. कायमचे लिपिक मराठी आकडे लिहीत, पण ते रजेवर असताना बदलीवर आलेल्या माणसाने काही नोंदी इंग्रजी आकड्यांत केल्या होत्या. पान मिश्र असल्यामुळे सॉफ्टवेअरला प्रत्येक रकमेची लिपी स्वतंत्रपणे ठरवावी लागत होती. त्याच ओळीतला १,८०,००० त्याने बरोबर वाचला, कारण मराठी ८ इंग्रजी 8 सारखा दिसत नाही. शेजारच्या आकड्याने १ ची ओळख पटवून दिली. पण १,२०,३०० मध्ये उरलेले आकडे आहेत २, ० आणि ३, आणि हे तिन्ही दोन्ही लिप्यांत जवळपास सारखेच दिसतात. त्यामुळे ही रक्कम मराठी की इंग्रजी, हे सांगणारा एकही साक्षीदार त्या रकमेत नव्हता. सॉफ्टवेअरने इंग्रजी धरली. अंधूक किंवा पुसट अक्षरांपुढे अशी प्रणाली शंकेची खूण करते. इथे अक्षर ठळक होते, म्हणून खूणही नव्हती.

यंत्राची चूक नीटनेटकी दिसते, हाच तिचा धोका आहे. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या काही स्कॅनर-कॉपियर यंत्रांतली अशीच गोष्ट उघड केली. स्कॅन केलेल्या कागदावर ६ च्या जागी ८ येत होता, तोही अगदी सुबक छापलेला. फाइल लहान करण्यासाठी यंत्र सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा एकच साचा साठवून तो अनेक ठिकाणी वापरत होते. पुसट प्रत असती तर कोणीतरी मूळ कागद मागितला असता; सुबक प्रतीवर शंका कोण घेणार?

बाईंनी 920300 चे 120300 केले आणि बेरीज आठ लाखांनी कमी झाली. आता आकडा होता १,४०,६२,३५०. जनरल लेजरशी जुळणारा हिशेब एक चूक दुरुस्त केल्याबरोबर बिघडला.

भाऊसाहेब म्हणाले, "अहो, मघाशी जुळत होतं ना? मग तुम्ही हात लावला आणि बिघडलं."

"भाऊसाहेब, मघाशी जुळत होतं तेच चुकीचं होतं. एक चूक होती तोवर दुसरी दिसत नव्हती."

दप्तर हलवण्याच्या कामात नेमकी ही घडी निसरडी असते. बरोबर दुरुस्तीने बेरीज बिघडते, वरून तारीख डोक्यावर असते आणि दुरुस्ती मागे घेतली की सगळे पुन्हा जुळते. अनेकदा ती मागे घेतलीही जाते. बाईंनी उलट विचार केला. वाचण्यातल्या चुकीने आठ लाख वाढले होते आणि तरीही बेरीज जुळत होती, म्हणजे दुसरीकडे कुठेतरी नेमके आठ लाख कमी असणार.

फरकाचा आकडा स्वतःच पुष्कळ सांगतो. एकच आकडा चुकीचा वाचला गेला तर फरक नेहमी एक आकडा आणि पुढे शून्ये असा येतो: ३००, ५,०००, ८,००,०००. दोन आकड्यांची अदलाबदल झाली असेल, म्हणजे ७२,५०० चे २७,५०० झाले असतील, तर फरक ४५,००० येतो आणि त्याला नऊने नि:शेष भाग जातो. पूर्ण नोंदच गळाली असेल तर फरक त्या नोंदीएवढा असतो. इथे एक आकडा चुकीचा वाचल्याचे आधीच सापडले होते, म्हणून बाईंनी गळालेली नोंद शोधायला घेतली. त्यासाठी रकमा पाहण्याची गरजही नव्हती. जनरल लेजरच्या तेरजेप्रमाणे खाती होती ४१२, एक्सेलमध्ये ओळी होत्या ४११. खाते क्रमांक चढत्या क्रमाने लावले आणि मधला एक क्रमांक गायब असल्याचे दिसले. खतावणीत त्या खात्याचे पान आधीच्या पानाला चिकटले होते आणि स्कॅन करताना दोन पाने एकदम उलटली गेली होती. पानावर मार्चमध्ये दिलेल्या नव्या कर्जाची एकच नोंद होती, हप्ता अजून सुरू झालेला नव्हता. अखेरची बाकी ८,००,०००. ते पान घेतल्यावर बेरीज पुन्हा १,४८,६२,३५० झाली, या वेळी खरी.

हा योगायोग अगदीच दुर्मीळ वाटतो, पण तसा नाही. चुकीचा वाचलेला एक आकडा नेहमी पूर्णांकी फरक पाडतो आणि नवे कर्ज, ठेव किंवा अनुदान हेही बहुधा पूर्णांकी रकमेचेच असते. पाच लाख, आठ लाख, पन्नास हजार अशा ठरावीक रकमांचा दोन्ही बाजूंना सुकाळ असल्यामुळे चुकांच्या जोड्या जमायला जागा मिळते. सगळ्या रकमा ३७,४१८ सारख्या असत्या तर असे क्वचितच घडले असते.

रकमेला स्वतःचे संरक्षण नसते, हे दुसरे कारण. आधारच्या १२ अंकी क्रमांकातला शेवटचा आकडा आधीच्या ११ आकड्यांवरून काढलेला असतो. त्यातला एक आकडा चुकला की प्रणाली तो क्रमांक नाकारते. रकमेत असा तपासणी आकडा नसतो. 120300 आणि 920300 या दोन्ही सारख्याच वैध रकमा. म्हणूनच धनादेशावर रक्कम अक्षरीही लिहावी लागते आणि अक्षरात व आकड्यांत फरक असल्यास १८८१ च्या पराक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या कलम १८ प्रमाणे अक्षरी रक्कम धरली जाते. खतावणीत अक्षरी रक्कम कोणी लिहीत नाही. तिथे तेच काम ओळीतले बाकीचे आकडे करतात. एक्सेलमध्ये त्यासाठी एक सूत्र पुरते:

```
=D2+E2-F2-G2
```

D मागील बाकी, E नावे, F जमा, G अखेरची बाकी. उत्तर शून्य यायला हवे. आपल्या सभासदाच्या ओळीत ते -800000 आले असते आणि चाळणी लावण्याचीही गरज पडली नसती. आकडे पाचही उचलले होते, पण तपासणीसाठी वापरला होता तो फक्त शेवटच्या रकान्याचा.

या तपासणीलाही मर्यादा आहे. जी ओळ आलीच नाही तिचे सूत्र कोण मांडणार? गळालेले पान फक्त मोजणीने सापडते. आणि मूळ खतावणीतच चूक असेल, तर ओळ, मोजणी आणि बेरीज तिन्ही जुळूनही चूक तशीच नव्या प्रणालीत जाते. ती पकडणारा माणूस एकच, ज्याचे खाते आहे तो.

तेव्हा जिथे दप्तर हलवले जात असेल तिथे बेरीज सगळ्यात शेवटी पाहावी. आधी ओळींची संख्या, मग प्रत्येक ओळीची वजाबाकी. आणि तुमच्या संस्थेने नव्या प्रणालीतल्या बाकीवर तुमची सही मागितली, तर आपल्या पासबुकातला किंवा पावत्यांतला आकडा शेजारी ठेवून एकेक आकडा ताडून पाहा. नऊ लाखांच्या बाकीवर एकदा सही झाली, की ती एक लाख वीस हजारांची होती हे सिद्ध करण्याचे काम तुमच्यावर येते.