वॉटर पंपाचं ते बारीक भोक

बॉनेटखाली पुढच्या बाजूने घरघर येऊ लागली आणि दर आठवड्याला कूलंटची पातळी थोडी खाली जाऊ लागली, तर बहुतेकांना ते दोन वेगळे बिघाड वाटतात. पुष्कळदा मूळ एकच असतं: वॉटर पंप.

पंपाच्या दांड्याच्या एका टोकाला पुली असते, तर दुसऱ्या टोकाला कूलंट ढकलणारा पंखा. मधे ग्रीस भरलेलं बेअरिंग असतं. कूलंट बेअरिंगपर्यंत पोचू नये म्हणून पंख्याच्या बाजूला सील असतं. त्यात दोन गुळगुळीत चकत्या स्प्रिंगच्या दाबाने एकमेकींवर फिरतात. सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये, पंपाच्या अंगाला, एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. सीलमधून निसटलेलं कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावं, एवढ्यासाठीच ते असतं. म्हणून हे भोक कधीही बुजवू नये.

भोकाभोवती नुसता पुसट, सुकलेला डाग असेल तर घाबरू नका; त्या चकत्यांना फिरण्यासाठी ओलाव्याचा पातळ थर लागतोच, त्यामुळे किंचित पाझर चालतो. पण थेंब टपकू लागला किंवा हिरवट-गुलाबी खडा साचला, की सील गेलं समजा. त्यानंतर कूलंट बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन काढतं, गोळ्या कोरड्या घासतात आणि घरघर सुरू होते. बेअरिंग सैल झालं की दांडा डुगडुगतो आणि सील आणखी फाटतं.

आवाज नेमका कुठून येतो हे ओळखायला इंजिन थंड असताना, बंद करून, बेल्ट काढा. पुली हाताने फिरवा, मग वर-खाली हलवून पाहा. खरखर लागली किंवा जराही प्ले जाणवला, तर दोष पंपाचा. पंप नीट वाटला, तर अल्टरनेटर आणि टेन्शनरच्या पुल्याही तशाच तपासा, कारण त्यांची बेअरिंगही असाच आवाज करतात. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर हे काम गॅरेजवरच सोपवा.

एक नेहमीचं उदाहरण घ्या. पातळी कमी झाली की मालक नळाचं पाणी ओततो. त्यात गंजरोधक द्रव्य नसतं, क्षार मात्र असतात. गंज आणि क्षाराचे कण चकत्यांवर ओरखडे काढतात. बेल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला, तर बेअरिंग आधी जातं आणि सील त्याच्यामागोमाग.

रेडिएटरमध्ये लीक बंद करणारी पावडर टाकून झिजलेलं बेअरिंग सुधारत नाही. उलट तिने बारीक नळ्या तुंबू शकतात. पंप सबंध बदलावा, नवीन गॅस्केट घालावं, कंपनीने सांगितलेलं कूलंट भरावं आणि हवा काढावी. पंप टायमिंग बेल्टवर असेल तर बेल्टही त्याच वेळी बदलून घ्यावा, कारण तोच पसारा पुन्हा उघडण्याची मजुरी वाचते. तोवर गाडी चालवू नका: बेअरिंग जाम झालं तर बेल्ट तुटतो, आणि तो टायमिंग बेल्ट असेल तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात.