दहा जीबीतलं एक पत्र

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं. त्यानंतरच्या दशकात पुण्यातल्या छोट्या प्रकाशकांचा पत्रव्यवहार हळूहळू ईमेलवर आला. २००४ मध्ये जीमेलने १ जीबी जागा दिली आणि पत्रं पुसायची सवयच मोडली. आज तीच खाती टेकआउटमधून उतरवली, की सगळी पत्रं एकाच एमबॉक्स फाइलमध्ये येतात. दहा जीबीची अशी फाइल FAT32 पेनड्राइव्हवर जातही नाही, कारण तिथे एका फाइलची मर्यादा ४ जीबी आहे.

या फाइलची घडण मात्र अगदी साधी आहे. पत्रांमागून पत्रं, आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला `From ` ने सुरू होणारी ओळ. तेव्हा फाइल उघडायची नाही, नुसती चाळायची.

समजा, १४ मार्च २००७ ला आलेली एका पुस्तकाची संहिता हवी आहे. मराठी विषय टाकून शोधलं तर काहीच सापडत नाही. देवनागरी शीर्षक फाइलमध्ये `=?UTF-8?B?` अशा सांकेतिक रूपात असतं. तारखेने शोधावं:

```
LC_ALL=C grep -abE '^(From |Date:.*14 Mar 2007)' all.mbox | grep -B1 -A1 'Date:'
```

प्रत्येक ओळीआधी तिचं फाइलमधलं स्थान बाइटमध्ये येतं. त्या दिवशीची पत्रं अनेक असतील, तर दोन स्थानांमधलं अंतर पाहावं. संहितेचं पत्र त्यात ठळक दिसतं. आपलं पत्र ५३६८७१२०४० ला सुरू होतं आणि पुढचं ५३७६०१२३८८ ला, असं धरू. वजाबाकी ७३००३४८.

```
tail -c +5368712041 all.mbox | head -c 7300348 | sed 1d > ek.eml
```

`tail` एकपासून मोजतो, म्हणून सुरुवातीच्या आकड्यात एक मिळवला. ही फाइल थंडरबर्डमध्ये उघडली, की जोडपत्र वेगळं जतन करता येतं. ते साडेपाच एमबीच्या आत भरेल, कारण बेस६४ मध्ये तीन बाइटची चार अक्षरं होतात. जोडपत्र तुटकं निघालं, तर `ek.eml` चा शेवट पाहावा. दोन्ही टोकांना `--` असलेली सीमारेषा तिथे नसेल, तर मजकुरातल्याच एखाद्या `From ` ओळीवर पत्र कापलं गेलं आहे. मग वरच्या आज्ञेत `-A1` ऐवजी `-A2` देऊन त्याच्या पुढचं स्थान मिळवावं आणि तिथपर्यंत पुन्हा काढावं.

पुण्यातल्या संहितांचं खरं काम इथून पुढे सुरू होतं, आणि मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं. त्या काळी मजकूर बहुधा युनिकोडमध्ये नसे. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये बसवलेला असे. फॉन्ट नसेल तर पानभर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. जोडपत्र बिघडलं समजून लोक ते टाकून देतात, आणि लेखकाची एकमेव प्रत जाते. तो फॉन्ट मिळवून मजकूर युनिकोडमध्ये नेल्यावर आधी ऱ्हस्व वेलांटी आणि रफार तपासावेत. जुन्या फॉन्टमध्ये त्यांची साठवण दिसण्याच्या क्रमाने होत असे, म्हणून रूपांतरात ते शेजारच्या अक्षरावर सरकतात.